कॉफी सोसत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

‘मला कॉफीची ॲलर्जी आहे,’ असं सांगणारी चार माणसं एकत्र बसवली आणि प्रत्येकाला ‘म्हणजे काय होतं?’ असं विचारलं, तर बहुधा चार वेगळ्या तक्रारी ऐकायला मिळतील. एकाच्या छातीत धडधडतं. दुसरीचं पोट फुगतं आणि तासाभरात धावत जावं लागतं. तिसऱ्याला आंबट ढेकर येऊन घशाशी जळजळतं. चौथीच्या अंगावर गांधी उठतात आणि ओठ सुजतो. यांतली खरी ॲलर्जी असण्याची शक्यता फक्त चौथीची आहे, आणि तिच्याही बाबतीत गुन्हेगार कॉफीच असेल असं नाही. बाकीच्या तिघांनी कॉफी प्यायली तर त्रास होईल, पण जिवाला धोका नाही. चौथीने मात्र ‘थोडी पिऊन बघते’ असं म्हणून चालणार नाही.

हा फरक घरच्या घरी कसा ओळखायचा? त्यासाठी दोन गोष्टी लागतात: कपात काय काय आहे याची यादी आणि घड्याळ.

आधी कप बघू. मराठी घरातली कॉफी म्हणजे मुळात दूधच. चमचाभर इन्स्टंट पावडर, दोन चमचे साखर, आणि पाहुणे आले असतील तर वर जायफळ किंवा वेलची. दाक्षिणात्य पद्धतीची फिल्टर कॉफी आणली तर तिच्या पाकिटावर बहुतेक वेळा ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ असं लिहिलेलं असतं. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ असतं. त्याचा कॉफीशी काही संबंध नाही आणि त्यात कॅफीनही नसतं. बाहेर कॅफेत प्यायलो तर बदामाचं किंवा सोयाचं दूध, हेझलनटचं सिरप अशा गोष्टी येतात. म्हणजे ‘कॉफीने त्रास होतो’ या वाक्यातली कॉफी ही एक वस्तू नसते. त्यात कॉफीच्या बीमधली प्रथिनं, आम्लं, कॅफीन, दुधातली साखर, दुधातली प्रथिनं, चिकोरी, कधी सुकामेवा असं बरंच काही असतं आणि शरीर यांतल्या प्रत्येकाशी वेगळं वागतं.

आता घड्याळ. खरी ॲलर्जी घाईत असते. घोट घेतल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, ती दिसते आणि ती सहसा पोटापुरती थांबत नाही. त्वचा, ओठ, घसा, श्वास यांतलं काहीतरी त्यात येतंच. दुधातली साखर न पचण्याचा त्रास साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत सुरू होतो आणि तो फक्त पोटात असतो. कॅफीन अर्ध्या ते पाऊण तासात रक्तात पुरतं चढतं, त्यामुळे धडधड आणि हातांची थरथर त्या सुमारास जाणवते. झोपेवरचा परिणाम मात्र रात्री कळतो, तेव्हा दुपारची कॉफी कोणाला आठवतही नसते.

कॅफीनपाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते ठरावीक जागी जाऊन बसलं की सुस्ती येते. कॅफीन त्याच जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. हृदयाचे ठोके वाढणं, हात थरथरणं, उगाच अस्वस्थ वाटणं, वारंवार लघवीला होणं, हे सगळं याच कामाचा भाग आहे. म्हणजे कॅफीनचा त्रास ही शरीराची चुकीची प्रतिक्रिया नसते. औषधाचा डोस जास्त झाल्यावर जे होतं तेच होत असतं. फक्त ‘जास्त’ म्हणजे किती, हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालेल, आणि गरोदर बाईने दिवसभरात २०० च्या आत राहावं, असं सांगितलं. चमचाभर इन्स्टंट कॉफीत ढोबळमानाने ६० ते ८० मिलिग्रॅम असतं, चांगल्या डिकॉक्शनच्या कपात त्याहून जास्त, चहाच्या कपात सहसा कमी. पण हे आकडे सरासरी माणसाचे आहेत. कॅफीन संपवण्याचं जवळजवळ सगळं काम यकृतातलं एकच एन्झाइम करतं आणि ते काहींच्यात जन्मतः वेगवान, काहींच्यात संथ असतं. रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, पण कोणाला दोन लागतात, कोणाला नऊ. म्हणूनच एक नवरा रात्री दहाला कॉफी पिऊन घोरतो आणि त्याची बायको चारच्या कॉफीने दोन वाजेपर्यंत छत बघत पडते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा वेग एकाच माणसात बदलतो. सिगारेट ओढणाऱ्याचं हे एन्झाइम जोरात चालतं. त्याने सिगारेट सोडली की काही दिवसांतच तीच कॉफी दुप्पट लागू लागते, आणि बिचारा ती अस्वस्थता सिगारेट सोडल्याची समजतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅफीन उतरायचा वेळ साधारण दुप्पट होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो दहा-पंधरा तासांवर जातो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे लघवीच्या जंतुसंसर्गासाठी आणि जुलाबांसाठी आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं अँटिबायोटिक तेच एन्झाइम अडवतं. मनोविकारांत दिली जाणारी फ्लुवोक्सामिन ही गोळी तर कॅफीनचा मुक्काम कित्येक पटींनी वाढवते.

एक उदाहरण हिशेबाने बघू. समजा, ठाण्यात बँकेत काम करणारी चाळिशीची बाई आहे. सकाळी आठला, अकराला आणि दुपारी चारला अशा तीन कॉफ्या ती वर्षानुवर्षं पिते. प्रत्येक कपात ८० मिलिग्रॅम कॅफीन धरू. तिचं कॅफीन पाच तासांत निम्मं होत असेल, तर रात्री अकराला निजताना सकाळच्या कपातलं १०, अकराच्या कपातलं १५ आणि चारच्या कपातलं ३० असं साधारण ५५ मिलिग्रॅम अंगात उरतं. पाऊण कपालाही थोडं कमीच. तिला त्याची सवय आहे, झोप लागते. मग लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन देतात. कॅफीन निघून जायचा वेग निम्म्यावर आला असं धरलं, तर आता तेच निम्मं व्हायला दहा तास लागतात. त्याच तीन कपांतलं रात्री अकराला ११० च्या वर उरतं. आदल्या दिवशीचंही सगळं गेलेलं नसतं, त्यामुळे दोन-तीन दिवसांत हा आकडा १४० च्या जवळ पोचतो. म्हणजे रोज झोपायच्या क्षणी पावणेदोन कप कॉफी अंगात. तिला धडधड होते, हात कापतात, झोप उडते. ती म्हणते, ‘या गोळ्यांची मला ॲलर्जी आहे.’ किंवा गोळ्या संपल्यावरही मनात भीती राहते आणि ती म्हणते, ‘मला कॉफीचीच ॲलर्जी झाली.’ दोन्ही खोटं. गोळ्या चालू असेपर्यंत कॉफी एका कपावर आणली असती तर बहुधा काहीच झालं नसतं. चुकून फाइलवर ‘सिप्रोची ॲलर्जी’ अशी नोंद झाली की मात्र ते औषध तिला पुढे गरज असतानाही मिळत नाही, हे खरं नुकसान.

म्हणून नवी गोळी सुरू झाल्यावर जुनी कॉफी अंगावर येऊ लागली, तर आधी औषधाच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे विचारा. आपल्या मनाने अँटिबायोटिक मध्येच थांबवू नका, कॉफी थांबवा. आणि तीही एकदम नको. रोजची कॉफी अचानक तोडली की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, एक-दोन दिवसांनी कळस होतो आणि आठवडाभर रेंगाळू शकतं. चिडचिड, मळमळ, मरगळ हे सोबत येतं. त्यावर एक कप प्यायलं की डोकं थांबतं, आणि माणूस समजतो की आपल्याला कॉफीवाचून जगताच येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाव-अर्धा कप कमी करत गेलं तर हा प्रसंग टळतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन असतंच, हेही लक्षात ठेवा. हिशेब करताना ते सुटतं.

आता पोटाच्या तक्रारी. इथे दूध हा पहिला संशयित. आपल्या देशात मोठ्यांमध्ये दुधातली लॅक्टोज ही साखर नीट न पचणं अगदी सामान्य आहे. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, गॅस होतो, पोट गुरगुरतं, जुलाब होतात. दही, ताक चालतं पण दुधाची मोठ्ठी कॉफी चालत नाही, असं असेल तर बोट दुधाकडेच दाखवा. परीक्षा सोपी आहे. एक दिवस कॉफीशिवाय नुसतं कोमट दूध, तेवढंच, रिकाम्या पोटी प्या. दुसऱ्या दिवशी दुधाशिवाय कॉफी. कोणत्या दिवशी पोट बिघडलं ते लिहून ठेवा. चिकोरीतही इन्युलिन नावाचा न पचणारा तंतू असतो आणि काहींना त्यानेही गॅस होतो. एकदा ‘शंभर टक्के कॉफी’ असं लिहिलेलं पाकीट आणून बघितलं तर तेही कळेल.

दूध, चिकोरी सगळं काढूनही कॉफी प्यायल्यावर लगेच शौचाला जावं लागतं, असं काहीजण सांगतात. तेही ॲलर्जी नाही. कॉफी काहींच्या मोठ्या आतड्याची हालचाल अवघ्या काही मिनिटांत वाढवते आणि कॅफीन काढलेली डिकॅफ कॉफीसुद्धा थोडीफार तेच करते. जठरातलं आम्ल वाढवण्याचं काम तर दोन्ही करतात. त्यामुळे छातीत जळजळणाऱ्याला ‘डिकॅफ घ्या’ हा सल्ला नेहमी उपयोगी पडत नाही. त्याला कप लहान करणं, उपाशीपोटी न पिणं आणि पिऊन लगेच आडवं न होणं याचा जास्त उपयोग होतो. डिकॅफ उपयोगी पडते ती दुसऱ्या कामासाठी: धडधड आणि निद्रानाश कॅफीनमुळेच आहे का, हे ठरवायला. तीच कॉफी डिकॅफ करून प्यायल्यावर त्रास गेला तर कॅफीन, नाहीतर आणखी काहीतरी.

मग खरी कॉफीची ॲलर्जी असते तरी का? असते, पण ती कप हातात घेणाऱ्यांत क्वचितच आणि कच्च्या कॉफीची पोती हाताळणाऱ्यांत जास्त सापडली आहे. कॉफीचं न भाजलेलं हिरवं बी, त्याची धूळ दिवसचे दिवस नाकात जाणं, हे गोदी कामगार, कॉफी साफ करणारे आणि भाजणारे यांच्या वाट्याला येतं. शिंका, डोळ्यांना पाणी, मग हळूहळू दमा. कामावर गेलं की त्रास, सुट्टीवर गेलं की बरं, ही त्याची ठळक खूण. या धुळीचा अभ्यास करताना एक विचित्र गोष्ट पुढे आली. कॉफीची पोती आधी एरंडीच्या बियांसाठी वापरलेली असत, आणि एरंडीची धूळ ही फार तीव्र ॲलर्जी आणणारी आहे. त्यामुळे काही कामगारांना कॉफीची नव्हे, एरंडीची ॲलर्जी होती. पण काहींना कॉफीचीच होती, आणि पुढे कॉफीच्या बीमधली नेमकी प्रथिनंही ओळखली गेली. पहिल्याला ‘कॉफ ए १’ असं नाव मिळालं. भाजताना या प्रथिनांची रचना बरीचशी मोडते. म्हणून प्यायच्या कॉफीची ॲलर्जी विरळा. पण विरळा म्हणजे नाहीच असं नव्हे. कॉफी प्यायल्यावर, आणि अगदी थोड्यांच्या बाबतीत कॅफीननेही, अंगभर गांधी उठून श्वास अडकल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

ॲलर्जी असल्यास मात्रेचा हिशेब लागू पडत नाही. धडधड होणारा माणूस अर्धा कप प्यायला तर अर्धाच धडधडतो. ॲलर्जी असलेल्याला दोन घोटही पुरतात. शिवाय ती एकाच कारणाने येत नाही. कॉफीबरोबर डोकेदुखीची गोळी घेतली आणि तासाभरात गांधी उठल्या, तर पहिला संशय गोळीवर घ्यावा, कारण वेदनाशामक गोळ्यांनी गांधी उठणं हे कॉफीपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. कॅफेतल्या बदामाच्या दुधाने, सिरपने, बिस्किटातल्या काजूने हे होऊ शकतं. लहान मूल असेल तर दुधातल्या प्रथिनाचा विचार आधी करतात.

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘कॉफीने पित्त होतं’ एवढंच सांगू नका. अंगावर उठलेलं पित्त आणि पोटातलं पित्त, दोन्हीला आपण तोच शब्द वापरतो आणि डॉक्टरांची दिशाच चुकू शकते. काय प्यायलं, कुठलं पाकीट, कुठलं दूध, सोबत काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, हे कागदावर लिहून न्या. गांधी उठल्या असतील तर त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढा, कारण तुम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत त्या विरून जातात. मग ॲलर्जीतज्ज्ञ त्वचेवर थेंब टाकून बारीक टोचण्याची चाचणी करतील किंवा रक्तातली आयजीई प्रतिपिंडं तपासतील. टोचण्याच्या चाचणीआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, तेव्हा त्या चालू असतील तर आधीच सांगा. शेवटी शंका उरलीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कॉफी पाजून बघतात. आयजीजीची तपासणी करून शंभर पदार्थांची ‘तुम्हाला चालत नाहीत’ अशी यादी देणारे पॅकेज मिळतात. त्यावर पैसे घालवू नका. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे बहुधा तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच.

त्याच दिवशी, किंबहुना त्याच मिनिटाला मदत हवी अशी चिन्हं वेगळी आहेत. कॉफी किंवा सोबतचं काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, गिळता न येणं, श्वासात शिटी वाजणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं, किंवा गांधी उठून सोबत उलट्या होणं. अशा वेळी १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय वर ठेवा. श्वास कोंडत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. इथे उपाय म्हणजे मांडीत स्नायूत दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी गांधींना पुरते, बंद पडत चाललेल्या घशाला नाही. बरं वाटल्यावरही काही तास रुग्णालयात थांबावं लागतं, कारण काहींना ही लाट काही तासांनी पुन्हा येते.

कॅफीन आणि पोटाच्या बाबतीतही काही चिन्हांवर ‘कॉफीच असेल’ म्हणून निभावून नेऊ नये. कॉफी कमी करून आठवडा झाला तरी ठोके अनियमित पडत असतील, धडधडीबरोबर भोवळ येत असेल, तर ईसीजी हवा. धडधड, थरथर आणि सोबत वजन उतरत असेल तर थायरॉइड बघायला हवं. दम लागत असेल तर हिमोग्लोबिनही. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं ही पित्ताची लक्षणं नव्हेत. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन ते हाताकडे, जबड्याकडे पसरत असेल, घाम सुटत असेल, तर ॲसिडिटीची गोळी शोधत बसण्यात वेळ घालवू नका, सरळ रुग्णालय गाठा.

घरी प्रयोग करायचे ते फक्त पोट फुगणं, जळजळ, धडधड, झोप उडणं यांच्यासाठी. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन-चार दिवस तशी ठेवा आणि लिहून काढा. ओठ सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडकला असेल, तर मात्र घरी काहीही करून बघायचं नाही. कॉफीचा पुढचा घोट ॲलर्जीतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, डिकॅफचाही नाही.